दहा आठवड्यांची आजारी रजा आणि पाच जणांचं अकाउंट्स: एक प्रकरण अभ्यास

चित्र ओळखीचं आहे. भोसरी एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणारा मध्यम आकाराचा कारखाना. अकाउंट्समध्ये सहा माणसं: मॅनेजर, सीनियर अकाउंटंट, विक्रीची बिलं करणारे एक जण, खरेदीची बिलं नोंदवणाऱ्या ताई, कॅशियर आणि दीड वर्षापूर्वी लागलेला ज्युनियर मुलगा. सीनियर मॅडमची मणक्याची शस्त्रक्रिया ठरते. २५ ऑगस्टपासून दहा आठवडे पूर्ण रजा आणि त्यानंतर चार आठवडे अर्धा दिवस, असं डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. माणसं आणि तासांचे आकडे मांडणीसाठी घेतले आहेत. कायद्याच्या तारखा मात्र प्रत्यक्षातल्याच आहेत आणि सगळी अडचण त्या तारखांमुळेच उभी राहते.

अशा वेळी बहुतेक ऑफिसांत पंधरा मिनिटांची मीटिंग होते. "जीएसटी तुम्ही बघा, टीडीएस ताई बघतील, पगाराचं मी बघतो" असं म्हणत कामांची नावं वाटली जातात. पहिला महिना कसाबसा निघतो आणि दुसऱ्या महिन्यात एक जण आजारी पडतो किंवा राजीनाम्याची भाषा करू लागतो. वाटणी अन्यायाची होती असं सहसा नसतं. महिन्याची बेरीज सगळ्यांना सारखीच आलेली असते, पण अकाउंट्सचं काम महिनाभर सारखं पसरलेलं नसतं. त्यातलं बहुतेक पहिल्या पंधरवड्यात अडकलेलं असतं, आणि वाटताना तिकडे कुणी पाहिलेलं नसतं.

आधी मोजणी

मॅडमची रजा सुरू होण्याआधी मॅनेजरच्या हातात दोन आठवडे होते. त्यांनी कामांची यादी मॅडमच्या नियुक्तीपत्रावरून केली नाही. मागच्या तीन महिन्यांचं कॅलेंडर समोर ठेवलं आणि मॅडमबरोबर बसून प्रत्येक तारखेला काय होतं आणि त्याला किती वेळ लागतो, ते लिहून काढलं. महिन्याचा हिशेब असा आला: विक्रीच्या बिलांची तपासणी आणि जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राला १८ तास. पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी म्हणजे जीएसटीआर-२बी, तिची खरेदीशी जुळवणी आणि कर भरायच्या ३बी विवरणपत्राला २६. टीडीएसला १०. पुरवठादारांच्या पेमेंटला ३२. तीन बँकांच्या जुळवणीला २०. पगार, पीएफ, ईएसआय आणि व्यवसाय कर मिळून २२. संचालकांच्या मासिक अहवालाला १६. येणी वसुलीच्या फोनाफोनीला १४ आणि किरकोळ खर्चाची व्हाउचरं तपासायला १२.

बेरीज १७० झाली. आठ तासांचे २२ दिवस धरले तर महिन्याचे १७६ तास होतात, म्हणजे यादी पूर्ण झाल्यासारखी वाटत होती. तरीही मॅडम आठवड्यातून दोनदा तरी उशिरा घरी जात होत्या. यादीत न आलेलं काम शोधायला मॅनेजरनी दोन दिवस नुसतं पाहिलं की मॅडमच्या टेबलाशी कोण येतं. "मॅडम, हे भाडं ट्रान्सपोर्टला टाकू की फ्रेट इनवर्डला?", "मॅडम, या पार्टीचा जीएसटी नंबर चालत नाहीये", "मॅडम, बँकेतून फोन आहे". असल्या प्रश्नांत रोज तासाहून जास्त वेळ जात होता, महिन्याला २६ तास. खरी बेरीज १९६ होती.

हा आकडा महत्त्वाचा आहे. आजारी पडलेल्या माणसाचं काम मुळातच एका माणसाच्या कामापेक्षा वीस तासांनी जास्त होतं. ते न मोजता वाटलं असतं तर ते वीस तासही इतरांच्या डोक्यावर गेले असते, आणि सगळं काम दिलेल्या वेळात का होत नाही हे कुणालाच कळलं नसतं.

टीमकडे जागा किती

उरलेल्या पाचही जणांचं स्वतःचं काम पूर्णवेळ होतं. कुणाला वेळ आहे, हा प्रश्न विचारून इथे काही हाती लागत नाही. जे नाही म्हणू शकत नाहीत तेच हो म्हणतात. मॅनेजरनी त्याऐवजी मर्यादा ठरवली: कुणाच्याही अंगावर आठवड्याला चार तासांपेक्षा जास्त नवं काम येणार नाही. स्वतःच्या कामातली थोडी ढिलाई, कधी अर्धा तास उशीर आणि ज्यात आधीच हात बसला आहे अशा कामाची जोड, एवढ्यात चार तास निघतात. सहा-सात तास झाले की माणूस स्वतःच्या कामातली तपासणी सोडायला लागतो. ते लगेच दिसत नाही, दोन महिन्यांनी चुकीच्या नोंदींच्या रूपाने वर येतं.

पाच जण, आठवड्याला चार तास आणि महिन्याचे कामाचे ४.४ आठवडे. म्हणजे ८८ तासांची जागा. काम १९६ तासांचं. मधल्या १०८ तासांचं काय करायचं, हे वाटणीच्या आधी ठरायला हवं.

मंजूर झालेल्या रजा या हिशेबातून आधीच वगळल्या होत्या. खरेदीच्या ताईंनी गणपतीसाठी गावी जायला रजा घेतली होती. "मॅडम नाहीत तर मी कशी जाऊ," असं त्या स्वतःच म्हणू लागल्या, तेव्हा मॅनेजरनी ती रजा जशीच्या तशी ठेवली आणि ताईंचे चार दिवस वाटणीतून कमी धरले. एकाच्या रजेपायी दुसऱ्याची रजा रद्द झाली की पुढचा आजार टीममधूनच येतो.

१९६ चे ९५ कसे झाले

मासिक अहवालावर १६ तास जात होते, कारण त्यात मागच्या वर्षाशी तुलना, विभागवार खर्च आणि आलेख असायचे. संचालकांना विचारल्यावर कळलं की ते दर महिन्याला पाहतात ते बँकेतली शिल्लक, येणी, देणी आणि विक्री. दहा आठवडे एका पानावर एवढंच द्यायचं ठरलं. पाच तास. हा निर्णय संचालकांनी घ्यायचा असतो. मॅनेजरनी गुपचूप अहवाल बारीक केला असता तर पहिल्याच महिन्यात मागणी परत आली असती.

पेमेंटची यादी दर आठवड्याला निघत होती. ती महिन्यातून दोनदा काढायची ठरली आणि ३२ तासांचे १८ झाले. इथे एक धोका होता. एमएसएमईडी कायदा, २००६ नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागू होतं. दोन याद्यांमध्ये पंधरा दिवसांचं अंतर पडलं तर करार नसलेल्यांची मुदत हमखास चुकणार. म्हणून उद्यम नोंदणी असलेल्या पुरवठादारांची यादी काढली. त्यातल्या ज्यांच्याशी लेखी अट नव्हती त्यांच्या खरेदी आदेशांत पुढच्या मालासाठी मुदत लिहून घेतली, आणि ज्यांनी मान्य केलं नाही त्यांची बिलं सुटी काढायची सोय ठेवली. ही पूर्वतयारी केली नसती तर वाचवलेले चौदा तास व्याजात गेले असते.

व्हाउचर तपासणी सरसकट होत होती. दोन हजारांवरची सगळी आणि खालच्यातली निवडक, असं केल्यावर १२ चे ४ तास झाले. तीनपैकी दोन बँक खात्यांत महिन्याला जेमतेम पंचवीस व्यवहार होत असत. त्यांची रोजची जुळवणी बंद करून ती महिनाअखेर ठेवली, मुख्य खात्याची रोजच राहिली. २० चे १४ तास झाले.

२बी च्या जुळवणीचं बरंचसं काम बाहेरच्या सीए फर्मला दिलं. फर्मने खरेदी नोंदवही आणि २बी लावून फरकांची यादी द्यायची. कुठल्या पुरवठादाराने बिल अजून दाखवलेलं नाही, त्याला फोन कुणी करायचा आणि या महिन्यात क्रेडिट घ्यायचं की थांबायचं, हे ऑफिसकडेच राहिलं. त्यामुळे २६ पैकी ८ तास घरात उरले. काम बाहेर दिलं की पूर्ण संपतं असं धरणं ही नेहमीची चूक. निर्णय बाहेर जात नाहीत आणि त्यांना वेळ लागतो. पीएफ-ईएसआयची चलनं सल्लागाराकडे गेली आणि पगाराच्या २२ पैकी १० तास उरले.

येणी वसुलीचे १४ तास विक्री विभागाकडे गेले. ग्राहकाशी रोज बोलणारी माणसं तीच. पण हे काम नाहीसं झालेलं नाही, दुसऱ्या खोलीत गेलं आहे, म्हणून विक्रीच्या मॅनेजरशी बोलून तिथेही तीच चार तासांची मर्यादा लावली आणि तिघांत ते वाटलं.

राहिले टेबलाशी येणारे प्रश्न. एक शंकावही ठेवली. प्रश्न लिहायचा आणि मॅनेजर दुपारी बाराला आणि संध्याकाळी पाचला उत्तर लिहिणार. निम्म्याहून जास्त प्रश्न लिहायला लागल्यावरच सुटले, कारण मागच्या महिन्यातली तशीच नोंद उघडून पाहिली की उत्तर मिळत होतं. बाराव्या दिवसापासून तेच उत्तर पुन्हा लिहावं लागेना. २६ चे ८ तास झाले.

सगळं धरून घरात राहिलेलं काम: जीएसटीआर-१ चे १८, ३बी चे ८, टीडीएसचे १०, पेमेंटचे १८, बँकेचे १४, पगाराचे १०, अहवालाचे ५, व्हाउचरांचे ४ आणि शंकांचे ८. एकूण ९५. अजून सात तास जास्त होते. मॅनेजरनी दर सोमवारची दोन तासांची आढावा बैठक अर्ध्या तासावर आणली आणि ते सात तास स्वतःकडे घेतले.

वाटणी: कोणाकडे काय आणि का

एक काम एका माणसाकडे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. टीडीएसची कपात ताई करतील, चलन कॅशियर भरेल आणि नोंद ज्युनियर करेल, अशी तुकडे पाडलेली वाटणी न्यायाची दिसते, पण तीन ठिकाणी वाट पाहावी लागते आणि तारीख चुकली की कुणालाच धरता येत नाही.

जीएसटीआर-१ विक्रीच्या बिलिंगवाल्यांकडे गेलं, कारण ई-इन्व्हॉइस तेच काढतात. टीडीएस आणि ३बी ची खरेदीची बाजू ताईंकडे, १८ तास. पेमेंट कॅशियरकडे, १८ तास. बँक जुळवणी आणि व्हाउचरं ज्युनियरकडे, १८ तास. पगार, अहवाल आणि शंका मॅनेजरकडे, २३ तास.

बँक जुळवणी कॅशियरकडे का नाही? त्याला ती सगळ्यात सोपी गेली असती, तीच सूचनाही आली होती. पण जो पेमेंट करतो त्यानेच बँकेची जुळवणी केली तर चुकीचं पेमेंट पकडणारा दुसरा डोळा राहत नाही. मॅडमच्या काळात पेमेंटची यादी आणि जुळवणी दोन्ही मॅडमकडेच होत्या, पण पैसे संचालक सोडत, म्हणून तो प्रश्न कुणी काढला नव्हता. रजेच्या वाटणीत अंतर्गत नियंत्रण मोडतं ते असंच, सोय पाहता पाहता. पुढे हाच निर्णय उपयोगी पडला.

कॅलेंडरवर मांडल्यावर

महिन्याच्या बेरजेत वाटणी नीट बसत होती. मग मॅनेजरनी ती तारखांवर मांडली. टीडीएस भरण्याची मुदत ७ तारीख, जीएसटीआर-१ ची ११, पीएफ आणि ईएसआयची १५, ३बी ची २०. ९५ पैकी ६५ तास पहिल्या पंधरवड्यात पडले. तेवढ्यात पाच जणांची जागा सुमारे ४४ तासांची. त्यातही बिलिंगवाल्यांचा स्वतःचा कडेलोट २८ ते ५ तारखेदरम्यान असतो, कारण महिनाअखेरीला डिस्पॅच सगळ्यात जास्त. त्यांच्याकडे १ ते ११ तारखेत अठरा तासांचं जीएसटीआर-१ टाकलं असतं, तर बेरीज बरोबर येऊनही माणूस मोडला असता.

म्हणून काम कमी न करता पुढे-मागे सरकवलं. विक्रीची बिलं आणि ई-इन्व्हॉइस यांची जुळवणी महिना संपल्यावर एकदम न करता दर शुक्रवारी त्या आठवड्यापुरती करायची. अठरापैकी बारा तास महिनाभर पसरले आणि शेवटी सहाच उरले. टीडीएसचं कलम आणि दर ताईंनी बिल नोंदवतानाच टाकायचा, म्हणजे ७ तारखेच्या आधी नुसती बेरीज आणि चलन. दहापैकी सहा तास पसरले. पेमेंटची पहिली यादी १० तारखेवरून १७ वर आणि दुसरी ३० वर नेली. त्यामुळे आणखी नऊ तास पंधरवड्याबाहेर गेले. ६५ मधून हे २७ गेले आणि ३८ राहिले. तरीही जागा घट्टच होती, म्हणून १ ते १५ तारखेत कुणालाही चौथा तास ओलांडू द्यायचा नाही आणि नवी चौकशी, नवा रिपोर्ट किंवा नवं सॉफ्टवेअर घ्यायचं नाही, असं संचालकांकडून कबूल करून घेतलं.

सप्टेंबर-ऑक्टोबरचे नैमित्तिक बोजे वेगळ्या ओळीत लिहिले होते: १५ सप्टेंबरचा आगाऊ कर, ३० सप्टेंबरचा कर-लेखापरीक्षण अहवाल, ३१ ऑक्टोबरचं टीडीएसचं तिमाही विवरणपत्र आणि दिवाळीचा बोनस. आगाऊ कर आणि तिमाही विवरणपत्र सीए फर्मकडे गेलं. बोनसचा तक्ता मॅनेजरनी सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यातच करून ठेवला, कारण तो आठवडा त्यातल्या त्यात मोकळा होता. लेखापरीक्षकांच्या प्रश्नांची यादी १० सप्टेंबरपर्यंत एकदाच द्या, रोज एकेक विचारू नका, असंही फर्मला आधीच कळवलं.

चार्ज घेताना

चार्ज द्यायला मॅडमकडे तीन दिवस होते. त्या वेळात काम कसं करायचं हे शिकवायला बसलं तर तीन दिवस कमी पडतात. सॉफ्टवेअर सगळ्यांना येतं. लिहून घ्यायचे ते अपवाद. कुठल्या दोन पुरवठादारांना आगाऊ रक्कम जाते, कुठल्या जागामालकाचं भाडं दोन भावांच्या नावे अर्धं-अर्धं जातं, कुठल्या ग्राहकाच्या क्रेडिट नोटा उशिरा येतात, बँकेच्या कुठल्या शाखेत कोणाशी बोलायचं. मॅनेजरनी प्रत्येक कामासमोर एकच प्रश्न विचारला: "यात नेहमीपेक्षा वेगळं काय काय होतं?" अडीच पानं भरली.

दुसरी गोष्ट प्रवेशाची. जीएसटी पोर्टलवर नोंदलेला मोबाइल मॅडमचा होता. संचालकांच्या डिजिटल सहीचं डोंगल मॅडमच्या खणात होतं. बँकेच्या नेट बँकिंगमध्ये पेमेंट टाकणारा वापरकर्ताही मॅडमच होत्या. हे तसंच राहिलं असतं तर शस्त्रक्रियेच्या तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्यांना फोन करून ओटीपी मागितला असता. पोर्टलवरचा मोबाइल बदलून घेतला. डोंगल संचालकांच्या कपाटात गेलं आणि ते काढलं की नोंद करायची पद्धत लावली. कॅशियरच्या नावाने बँकेत नवा वापरकर्ता उघडण्याचा अर्ज, संचालक मंडळाच्या ठरावासह, रजेच्या दहा दिवस आधीच दिला, कारण बँकेला त्यात वेळ लागतो. मॅडमचा पासवर्ड कॅशियरला देणं सोपं होतं, पण मग कुठलं पेमेंट कोणी टाकलं याचा पुरावाच राहत नाही, आणि गडबड झाली तर दवाखान्यातल्या माणसाच्या नावावर जाते.

टीमला सांगितलं ते एवढंच: मॅडम दहा आठवडे रजेवर आहेत आणि त्यानंतर काही आठवडे अर्धवेळ. आजार कोणता, हे त्यांनी स्वतः ज्यांना सांगितलं त्यांनाच माहीत राहिलं. पहिले तीन आठवडे कुणीही कामाचा फोन करायचा नाही. त्यानंतर त्यांची तयारी असेल तर गुरुवारी एकदा, फक्त मॅनेजर, आणि तोवर साठलेले प्रश्न एकत्र.

काय बिघडलं

सप्टेंबरच्या १७ तारखेच्या यादीत एका पुरवठादाराला पूर्ण बिलाचे पैसे गेले. त्याला ऑगस्टमध्ये आगाऊ रक्कम दिलेली होती. अपवादांच्या यादीत त्याचं नाव होतं, कॅशियरने ते वाचलंही होतं. पण आगाऊ रकमेची नोंद टॅलीत 'ऑन अकाउंट' म्हणून पडलेली होती, बिलाशी जोडलेली नव्हती. थकीत बिलांच्या अहवालात बिल पूर्ण रकमेचं दिसत होतं आणि कॅशियरने अहवालावरून यादी केली. मॅडम अशा पार्ट्यांचं खातं उघडून पाहत, ते त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. त्यामुळे सांगताना त्यांनाही ते वेगळं काम वाटलं नाही.

चूक दोन दिवसांत सापडली, कारण बँकेची जुळवणी ज्युनियर करत होता. पुरवठादाराच्या खात्याला नावे बाकी दिसत होती, आणि पुरवठादाराच्या खात्यात ती सहसा नसावी. रक्कम पुढच्या बिलात वळती झाली. उपाय दोन केले. आगाऊ दिलेल्या सगळ्या नोंदी बिलांना जोडून घेतल्या, आणि पेमेंटची यादी संचालकांकडे जाण्याआधी नावे बाकी असलेल्या पुरवठादारांचा अहवाल तिला जोडायचा नियम केला. दोन्ही मिळून महिन्याला अर्ध्या तासाचं काम.

दुसरा बिघाड हळू होता. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ज्युनियर रोज उशिरापर्यंत बसत होता. विचारलं की उत्तर ठरलेलं: "जमतंय सर." नव्या माणसाकडून दुसरं उत्तर येत नाही. शंकावहीत त्याचा एकही प्रश्न आठ दिवसांत नव्हता, हे लक्षात आल्यावर मॅनेजरनी प्रश्न बदलला: "या आठवड्यात तुझं स्वतःचं कुठलं काम मागे राहिलं?" तेव्हा कळलं की खरेदी बिलांची फाइलिंग तीन आठवडे पडून आहे. आठवड्याला सुमारे तीन तास धरलेली बँक जुळवणी त्याला सात तास घेत होती, कारण एका ग्राहकाचे पैसे अनेक बिलांचे मिळून एकत्र येत आणि कुठल्या बिलाचे किती हे त्याला उलगडत नव्हतं. अंदाज मॅडमच्या वेगाने केला होता. अनुभवी माणसाचे तास नवख्या माणसाला लावताना निदान पहिला महिना दीडपट धरायला हवेत.

त्याच्यावरचं काम काढून नुसतं कुणा दुसऱ्यावर टाकलं नाही. बिलांचा तपशील त्या ग्राहकाकडून पैशांबरोबरच मागवायला विक्री विभागाला सांगितलं, व्हाउचरांचे महिन्याचे चार तास कॅशियरने घेतले आणि त्या बदल्यात कॅशियरचं रोजचं कुरिअर रजिस्टर स्वागतकक्षाकडे गेलं. जुळवणी पाच तासांवर आली.

कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये १ एप्रिल २०२३ पासून फेरबदलांची नोंद ठेवणं बंधनकारक आहे. कुणी किती वाजता नोंद केली ते त्यात दिसतं. ती उघडून माणसांवर पाळत ठेवू नये, पण एकाच माणसाच्या दुरुस्त्या अचानक वाढल्या तर तो दमल्याची ती खूण असते. बिलिंगवाल्यांच्या क्रेडिट नोटा ऑक्टोबरमध्ये वाढल्या आहेत का, हे मॅनेजरनी तेवढ्यासाठी पाहिलं. वाढल्या नव्हत्या.

तारीख चुकली तर कुठली महाग

ऑक्टोबरच्या ७ तारखेला ताई आजारी होत्या आणि चलन भरायचं राहतंय की काय, अशी वेळ आली. अशा वेळी काय आधी वाचवायचं, हे मॅनेजरनी भिंतीवर लावलेलं होतं. टीडीएस उशिरा भरला तर दर महिन्याला किंवा महिन्याच्या भागाला दीड टक्का व्याज लागतं, आणि ते कपातीच्या तारखेपासून मोजतात. सप्टेंबरमध्ये कापलेला कर ८ ऑक्टोबरला भरला तर एका दिवसाच्या उशिरासाठी दोन महिन्यांचं, म्हणजे तीन टक्के. ३बी ला उशीर झाला तर रोजचे ५० रुपये आणि रोखीने भरायच्या करावर वर्षाला १८ टक्क्यांचं व्याज. मासिक अहवालाला उशीर झाला तर काहीच नाही. म्हणून त्या दिवशी मॅनेजरनी अहवाल बाजूला ठेवून चलन भरलं. यासाठी प्रत्येक तारखेच्या कामाला एक दुसरं नाव लिहिलेलं असतं. त्या दुसऱ्या माणसाने काम करायचं नसतं, फक्त आदल्या दिवशी झालं का ते विचारायचं आणि वेळ आली तर हात घालायचा.

मोबदला

जास्तीच्या कामाचं काय, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं: चौघांना रजेच्या काळात ठरावीक मासिक भत्ता, आणि ज्या आठवड्यात मर्यादेपेक्षा जास्त तास गेले त्याची बदली सुट्टी डिसेंबरच्या आत. हे लेखी दिलं. "पुढच्या वाढीच्या वेळी बघू" म्हटलं की माणसं ते काम तात्पुरतं मानत नाहीत, आणि त्यात त्यांचं चुकतही नाही.

परत येताना

मॅडम ३ नोव्हेंबरला अर्धवेळ रुजू झाल्या. परत येणाऱ्याला पहिल्या दिवशी सगळं परत द्यायची घाई टीमला असते, आणि येणाऱ्यालाही अपराधी वाटत असतं, म्हणून तोही सगळं मागतो. पण ३ नोव्हेंबर म्हणजे टीडीएसच्या चार दिवस आधी. पहिले दोन आठवडे तारीख नसलेली कामंच दिली: व्हाउचरं, शंकावही आणि दोन छोट्या बँकांची जुळवणी. डॉक्टरांनी सलग बसायला मनाई केली होती, त्यामुळे ही तुकड्यातुकड्याने करता येणारी कामं त्यांना जमत होती. पेमेंट ३० तारखेच्या यादीपासून, तेही कॅशियर शेजारी बसून. जीएसटी आणि पगार डिसेंबरपासून, पूर्णवेळ झाल्यावर.

सगळे १९६ तास मात्र परत गेले नाहीत. येणी वसुली विक्री विभागाकडेच राहिली. पेमेंट महिन्यातून दोनदाच, व्हाउचरं निवडक, आणि शंका वहीतूनच, सोळा तासांपुरत्या. मासिक अहवाल पूर्वीसारखा सुरू झाला, कारण जानेवारीत बँकेकडे कर्जमर्यादेचं नूतनीकरण होतं आणि संचालकांना तो हवा होता. मॅडमच्या अंगावर डिसेंबरपासून १५० तास आले, १७६ पैकी. शुक्रवारची ई-इन्व्हॉइस जुळवणी आणि बिल नोंदवतानाच टीडीएसचं कलम टाकणं या पद्धती तशाच चालू राहिल्या. पहिलं काम आता मॅडमकडे आहे. कलम मात्र ताईच टाकतात, त्यांना ते बिल हातात असतानाच सोपं पडतं, आणि ७ तारखेला मॅडमना तपासून चलन भरायला अर्धी दुपार पुरते.